सचेतनपटातील संदर्भाभिनयचित्रण

संदर्भाभिनयचित्रण : सचेतनपटातील (ॲनिमेशनपटातील) पात्राच्या शारीरिक हालचाली रेखाटण्यापूर्वी तो प्रसंग जिवंत माणसाकडून करवून घेऊन अथवा सचेतनकाराने स्वतः करून त्याचे चित्रीकरण करणे आणि त्या चित्रीकरणाच्या आधारे हालचालींचा अभ्यास करणे, या पद्धतीस संदर्भाभिनयचित्रण असे म्हणतात. या चित्रीकरणाचा कोणताही भाग अंतिम चित्रपटात दाखविला जात नाही. नटाच्या अंगावरील खुणांवरून हालचाल यंत्राद्वारे थेट संगणकातील पात्राला देण्याची पद्धत याहून वेगळी आहे. कारण संदर्भाभिनयचित्रणात चित्रीकरण आणि पात्र यांच्यामध्ये सचेतनकाराची निवड उभी असते. या पद्धतीचा इतिहास म्हणजे मुख्यतः चित्रीकरण गिरवायचे की वाचायचे, या प्रश्नाचा इतिहास होय.

प्रारंभ : अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ मध्ये ‘रोटोस्कोप’ या उपकरणाच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९१७ मध्ये त्यांना ते मिळाले. या उपकरणात चित्रपटाची एकेक चौकट प्रक्षेपकाने धूसर काचेवर पाडली जाई. चित्रकार काचेवर कागद ठेवून आकृतीची बाह्यरेषा गिरवी आणि मग फीत एका चौकटीने पुढे सरकविली जाई. पहिल्या प्रयोगांसाठी मॅक्स यांचे बंधू डेव्ह फ्लायशर यांनी विदूषकाचा पोशाख घालून कॅमेऱ्यापुढे हालचाली केल्या व त्यांतून पुढे ‘कोको’ हे प्रसिद्ध पात्र निर्माण झाले. म्हणजेच या पद्धतीच्या आरंभीच नट हा व्यावसायिक नसून सचेतनपट करणाऱ्यांपैकीच एक होता. त्या काळच्या इतर व्यंगपटांतील पात्रे ताठ व झटके देत हलत, तर कोकोचा सैल पोशाख त्याच्या अंगाबरोबर लहरत असे. या सफाईची किंमत मात्र श्रमांत मोजावी लागे. मूकपटाच्या सेकंदाला १६ चौकटी या गतीने एका मिनिटाच्या दृश्यात ९६० चौकटी येतात आणि त्यांतील प्रत्येक चौकट हाताने गिरवावी लागे.

गिरवण्याच्या मर्यादा : वॉल्ट डिझ्नी यांच्या चित्रसंस्थेने ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ (१९३७) या चित्रपटासाठी मार्ज बेल्चर या किशोरवयीन नर्तकीच्या हालचाली चित्रित केल्या. चित्रीकरणाच्या चौकटी कागदावर छापून त्या सचेतनकारांना पुरविल्या जात. नायिकेचे काम हॅमिल्टन लस्क आणि ग्रिम नॅटविक यांच्याकडे होते. तेथे पहिली अडचण प्रमाणाची आली. माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या सुमारे साडेसातपट असते, तर रेखाटलेल्या नायिकेचे डोके शरीराच्या मानाने बरेच मोठे होते. डोके मोठे केले की मान, खांदे आणि हातांचे वळण यांचे परस्परसंबंध बदलतात. त्यामुळे छापील चौकटीवरून सरळ गिरवलेली रेषा पात्राला बसत नाही. बुटक्यांच्या बाबतीत तर तसे गिरवणे जवळजवळ अशक्यच होते.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म होती. जिवंत शरीर कधीही पूर्ण स्थिर नसते; श्वास, तोल सावरणे आणि कपड्यांच्या चुण्या यांमुळे प्रत्येक चौकट मागच्यापेक्षा थोडी वेगळी असते. छायाचित्रात हे सर्व बारकावे दिसत असल्याने ते खरे वाटतात. रेखाचित्रात मात्र मोजक्याच रेषा असतात व त्यांपैकी प्रत्येक रेषा प्रेक्षक अर्थपूर्ण मानतो. म्हणून आनुषंगिक हालचाली जशाच्या तशा उतरविल्या असता पात्र पाण्यात तरंगल्यासारखे भासते, त्याचे पाय जमिनीवर टेकलेले असूनही सरकल्यासारखे दिसतात व महत्त्वाचा हावभाव गौण हावभावांत हरवून जातो. फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन या डिझ्नी संस्थेतील ज्येष्ठ सचेतनकारांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या अनुभवाचे विस्ताराने विवेचन केले आहे. चित्रीकरण ही माहिती असून ते आराखडा नव्हे, असा त्याचा निष्कर्ष सांगता येईल.

नट कोण असावा : ‘फँटेझिया’ (१९४०) या चित्रपटातील पर्वतशिखरावरील दैत्याच्या निर्मितीत हा प्रश्न स्पष्टपणे पुढे आला. या दैत्यासाठी भयपटांतील विख्यात नट बेला लुगोसी यांचे चित्रीकरण करण्यात आले. परंतु सचेतनकार व्लादिमिर ऊर्फ बिल टायट्ला यांना आपल्या मनातील दैत्य त्यात सापडेना. तेव्हा त्यांनी त्या भागाचे दिग्दर्शक विल्फ्रेड जॅक्सन यांनाच उघड्या अंगाने कॅमेऱ्यापुढे उभे केले व हालचाली कशा हव्यात ते स्वतः सांगितले. नट म्हणून जॅक्सन हे लुगोसींच्या तोडीचे नव्हते. तथापि कोणत्या क्षणी कोणता स्नायू ताणला जावा, हे रेखाटणाऱ्याच्या सूचनेप्रमाणे दाखविणारा माणूस टायट्ला यांना अधिक उपयोगी पडला.

युद्धोत्तर काळात आर्थिक काटकसरीसाठी ‘सिंड्रेला’ (१९५०) या चित्रपटातील मानवी पात्रांचे बहुतेक प्रसंग आधीच चित्रित करण्यात आले. नायिकेसाठी हेलेन स्टॅन्ली यांनी काम केले. त्यामुळे चुकीच्या प्रसंगांवर श्रम वाया गेले नाहीत, परंतु कॅमेऱ्याला सहज टिपता येतील असेच दृष्टिकोन व हालचाली पुढे येऊ लागल्या, अशी सचेतनकारांची तक्रार होती.

स्वचित्रण : चेहऱ्यावरील भावांसाठी सचेतनकार आपल्या मेजावर आरसा ठेवीत. परंतु संपूर्ण शरीराची हालचाल आरशात पाहताना पाहण्यासाठी मान वळवावी लागते व हालचालच बिघडते. शिवाय झालेला क्षण पुन्हा तपासता येत नाही. फीत धुऊन छापण्याचा खर्च व विलंब यांमुळे प्रत्येक दृश्यासाठी चित्रपट-कॅमेरा वापरणे परवडणारे नव्हते. १९८० नंतरच्या दशकांत हाताळण्याजोगे व्हिडिओ कॅमेरे व पुढे अंकीय कॅमेरे सुलभ झाल्यावर ही अडचण दूर झाली आणि सचेतनकाराने स्वतःचाच अभिनय चित्रित करणे रूढ झाले. स्वतः हालचाल करण्यातून केवळ दिसणारी आकृतीच नव्हे, तर कोणत्या पायावर भार आला व तोल कोठे गेला याची शारीरिक जाणीवही मिळते. ‘टॉय स्टोरी’ (१९९५) या चित्रपटातील खेळण्यातल्या सैनिकांचे पाय एकाच पट्टीला जोडलेले आहेत. ते कसे चालतील हे कळावे म्हणून निर्मात्यांनी बूट फळीला ठोकून त्यांत पाय घालून चालून पाहिले. पाय वेगळे टाकता येत नसल्याने धड पिळून फळीची एकेक बाजू पुढे ओढावी लागते, ही गोष्ट नुसत्या निरीक्षणाने सुचणे कठीण होते.

कार्यपद्धती : कॅमेरा तिकाटण्यावर, दृश्यातील कल्पित कॅमेऱ्याच्याच उंचीवर व कोनात ठेवतात. तो फार जवळ असल्यास कॅमेऱ्याकडील हात अवास्तव मोठा दिसतो, म्हणून तो शक्य तितका दूर ठेवून दृश्य जवळ आणतात. पावले चौकटीबाहेर जाणे ही सर्वांत सामान्य चूक होय. पावले दिसली नाहीत तर भार कोठे आहे ते कळत नाही. अंगाबरोबर बसणारे कपडे व भरपूर प्रकाश यांमुळे कोपर, गुडघा व कंबर स्पष्ट दिसतात. प्रसंगात संवाद असल्यास तो ध्वनिमुद्रणावरून वाजवून त्याबरोबर अभिनय करतात.

चौकटींच्या गतीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, तर अनेक कॅमेरे ३० चौकटी टिपतात. या ३० चौकटी रूपांतर न करता २४ च्या गतीने वापरल्यास एका सेकंदाची हालचाल सव्वा सेकंदाची होते व पात्र जड, आळसावलेले वाटते. याची परीक्षा सोपी आहे : १·२ मी. उंचीवरून सोडलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात, म्हणजे २४ च्या गतीने १२ चौकटींत जमिनीवर पोहोचतो. तो १५ चौकटी घेत असेल, तर गतीचे रूपांतर राहून गेले आहे, असे समजावे.

एक उदाहरण : पात्र जमिनीवरील धान्याचे पोते उचलून छातीशी धरते, असे ४ सेकंदांचे म्हणजे ९६ चौकटींचे दृश्य घेऊ. हा अभिनय रिकाम्या खोक्यावर केल्यास हात आधी वर जातात, कंबर पावलांच्या वर तशीच राहते व पोते कापसाचे वाटते. खरोखर १५ किग्रॅ. वजन उचलले असता वेगळेच दिसते. माणूस व ओझे यांचा एकत्रित गुरुत्वमध्य पावलांवरच राहिला पाहिजे, म्हणून ओझे पुढे असताना कंबर मागे जाते. हात प्रथम सरळ ताणले जातात आणि अंग जोर लावत असूनही पोते काही क्षण जागचे हलत नाही.

समजा, चित्रीकरणात ३० व्या चौकटीला वाकणे पूर्ण झाले, ३१ ते ३६ या ६ चौकटींत केवळ ताण दिसला, ३७ व्या चौकटीला पोते सुटले व ८० व्या चौकटीला ते छातीशी स्थिरावले. सचेतनकार या क्षणांचे क्रमांक नोंदवून प्रत्येकाचे लहान टिपणचित्र काढतो. मधल्या चौकटी तो गिरवीत नाही. यानंतर चित्रीकरण बाजूस ठेवून तो निवड करतो. ओझ्याची जाणीव ताणाच्या क्षणात असल्याने त्याला ६ ऐवजी १० चौकटी देतो व त्यासाठी वाकण्यातील ४ चौकटी कमी करतो. एकूण काळ तोच राहतो. पाठीची कमान चित्रीकरणातल्यापेक्षा अधिक वाकवितो. अभिनेत्याने मध्येच बाही सावरली असेल, तर ती वगळतो. पात्र ठेंगणे व मोठ्या डोक्याचे असल्यास पोते छातीशी नेण्याचा मार्ग नव्याने आखावा लागतो, कारण तेथे हनुवटी आडवी येते.

मर्यादा : स्वचित्रणात सचेतनकाराच्या स्वतःच्या सवयी पात्रात उतरतात. एकाच माणसाने वृद्धा, पहिलवान व बालक यांचा अभिनय केला, तर तिघांचीही खांदे उडविण्याची लकब एकच होण्याचा धोका असतो. म्हणून एका प्रसंगाचे अनेक प्रयत्न चित्रित करून त्यांतील उपयुक्त तुकडे वेगवेगळ्या प्रयत्नांतून घेतात. उंच उडी किंवा चतुष्पाद प्राण्याची चाल यांसारख्या हालचाली करणाऱ्याच्या शरीराच्या आवाक्याबाहेर असल्यास खेळाडू वा प्राणी यांच्या चित्रीकरणाचा आधार घ्यावा लागतो. तेथेही भार, तोल आणि काळ एवढेच चित्रीकरणातून घेतले जाते. पात्राच्या स्वभावाला साजेशी हालचाल सचेतनकारालाच ठरवावी लागते.