भागपत्र हस्तांतरण (पुनर्विक्रीच्या सदनिकेचे)

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिका दुसऱ्या हाताने घेतल्यावर संस्थेचे सभासदत्व व भागपत्र (बोलीत ‘शेअर सर्टिफिकेट’) खरेदीदाराच्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया. करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदला म्हणजे घर नावावर झाले, असा समज सर्रास आढळतो. पण संस्थेच्या दप्तरी त्यानंतरही जुनाच सभासद असतो, आणि सभेची नोटीस व मतदानाचा हक्क त्याच्याच नावे राहतो.

आदर्श उपविधींनुसार सुरुवात विकणाऱ्याकडून होते. त्याने हस्तांतरणाच्या इराद्याची पंधरा दिवसांची नोटीस द्यायची व सोबत घेणाऱ्याची संमती जोडायची. पुढे विकणाऱ्याचा हस्तांतरणाचा अर्ज, घेणाऱ्याचा सभासदत्वाचा अर्ज, नोंदणीकृत करारनाम्याची प्रत, सूची क्रमांक दोन आणि मूळ भागपत्र दाखल होते. विकणाऱ्याच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घेऊन ठेवाव्यात. पैसे पोचल्यावर माणूस सापडणे कठीण.

या कागदांसोबतच्या पत्रात मोघमपणा नको. समजा, संस्थेत प्रत्येकाला पन्नास रुपयांचे पाच भाग क्रमाने दिलेले आहेत. मग बाराव्या सभासदाचे भाग 56 ते 60 होतात. तेव्हा ‘सदनिका 304 माझ्या नावे करावी’ एवढेच न लिहिता, ‘भागपत्र क्र. 12, भाग क्र. 56 ते 60 (दोन्ही धरून), माझ्या व पत्नीच्या नावे वर्ग करावेत’ असे लिहावे. नावे करारनाम्यात ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने यावीत, कारण संयुक्त सभासदांत पहिल्या नावाला मतदानात अग्रक्रम असतो.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 22 नुसार अर्जावरील निर्णय तीन महिन्यांत कळवायचा असतो. तो न कळवल्यास अर्जदार सभासद झाल्याचे मानले जाते आणि त्यासाठी निबंधकाकडे दाद मागता येते. तारखेविना ही मुदत मोजायची कुठून? सचिवाने ‘ठेवून जा’ म्हटल्यास पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे.

उपविधींप्रमाणे हस्तांतरण शुल्क 500 रुपये व प्रवेश शुल्क 100 रुपये. हस्तांतरण अधिमूल्य सर्वसाधारण सभा ठरवते. महानगरपालिका क्षेत्रात त्याची कमाल मर्यादा 25,000 रुपये आहे. ‘इमारत निधी’ वा ‘ऐच्छिक देणगी’ या नावाखाली त्याहून अधिक मागणी झाली, तर ती लेखी मागावी. बहुतेक वेळा कागद येत नाही आणि मागणीही विरते.

व्यवस्थापक समितीच्या ठरावानंतर नवे भागपत्र छापले जात नाही. जुन्याच्याच मागील बाजूच्या तक्त्यात तारीख, हस्तांतरण क्रमांक व नवे नाव भरून पदाधिकारी सह्या करतात. तो तक्ता सदनिका घेण्यापूर्वीच वाचावा. आधीच्या एखाद्या मालकाची नोंद गाळलेली असेल, तर समिती प्रथम ती साखळी पुरी करायला सांगते, आणि तो मालक कधीच गाव सोडून गेलेला असू शकतो. गृहकर्ज असल्यास भागपत्र बँकेकडे जाते, म्हणून सह्या झालेल्या दोन्ही बाजूंची छायाप्रत आधीच काढून ठेवावी.