वेबकॅम धापा का टाकतो? : ‘ऑटो’ बंद करण्याच्या बटणाची गोष्ट

आजचा भाग एका फसलेल्या रेकॉर्डिंगपासून सुरू करतो.

गेल्या वर्षी आम्ही एका निवृत्त गिरणी कामगार आजोबांची मुलाखत घ्यायला त्यांच्या गावी गेलो होतो. लॅपटॉप, वर साधा यूएसबी वेबकॅम, समोर खुर्चीत आजोबा. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि मागे चुन्याची जुनी, काळपट झालेली भिंत. पन्नास मिनिटं आजोबा सलग बोलले. घरी येऊन फाईल उघडली तर चित्र अक्षरशः धापा टाकत होतं. आजोबा पुढे झुकले की सगळी खोली अंधारायची, मागे टेकले की उजळायची. हात पुढे करून साचा कसा चालायचा ते दाखवायला लागले की चेहरा धूसर. मध्येच टोपी निळसर, मध्येच पिवळट. तो भाग शेवटी आम्ही फक्त ऑडिओ म्हणून काढला, आणि आजोबांचे साचा चालवणारे हात कुणाला दिसलेच नाहीत.

कॅमेरा बिघडलेला नव्हता, हे नंतर कळलं. त्याला सांगितलेलं काम तो इमानदारीने करत होता. हे काम त्याला कुणी सांगितलं आणि ते थांबवायचा हक्क आपल्याला कधी मिळाला, हा आजचा विषय.

आधी वाफेचं इंजिन

हो, वाफेचं इंजिन! 1788 च्या सुमारास जेम्स वॉटच्या इंजिनांवर एक नियंत्रक बसू लागला. दोन जड गोळे फिरायचे. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जायचे आणि वाफ कमी व्हायची. वेग घटला की गोळे आत यायचे आणि वाफ वाढायची. माणसाने लक्ष न देता वेग कायम. पण काही इंजिनं एका वेगावर स्थिर व्हायचीच नाहीत. जरा जास्त, जरा कमी, पुन्हा जास्त, असा झोका चालू राहायचा. असा झोका कधी विरतो आणि कधी वाढतच जातो, याचं गणित 1868 मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी एका शोधनिबंधात मांडलं. विजेच्या आणि चुंबकत्वाच्या समीकरणांमुळे आपल्याला माहीत असलेले तेच मॅक्सवेल.

झोक्याचं एक मोठं कारण सोपं आहे. दुरुस्ती केल्यावर तिचा परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि तोवर यंत्र आणखी दुरुस्ती करून बसतं. आंघोळीच्या वेळी नळाचं पाणी गार लागलं म्हणून तुम्ही गरम नळ फिरवता, फरक पडत नाही म्हणून आणखी फिरवता, आणि मग एकदम चटका बसतो. अगदी तसंच.

वेबकॅमच्या आत हाच प्रकार चालतो. ऑटो एक्स्पोजर चित्राची सरासरी उजळणी मोजतं आणि ती मधल्या राखाडी पातळीवर आणायचा प्रयत्न करतं. आजोबा पुढे झुकले की पांढरा सदरा चौकटीत जास्त जागा घेतो. सरासरी वाढली, म्हणून कॅमेरा सगळंच अंधारं करतो. नवी पातळी चित्रात उतरायला काही फ्रेम जातात, तेवढ्यात आजोबा मागे गेलेले असतात.

ऑटो व्हाइट बॅलन्स हेच रंगांबाबत करतं, आणि ऑटोफोकस धारेबाबत. त्यात तिघं एकमेकांना ढकलतात. फोकस हलला की बऱ्याच लेन्समध्ये चित्र किंचित मोठं-लहान होतं, चौकटीतला पांढरा भाग बदलतो आणि एक्स्पोजर पुन्हा कामाला लागतं. म्हणून एकच गोष्ट लॉक करून पुरत नाही.

ग्रहांच्या नादी लागलेले लोक

1994 मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिक्स कंपनीचा क्विककॅम आला. चेंडूसारखा गोल, कृष्णधवल, साधारण शंभर डॉलरचा. घराघरातला वेबकॅम इथून सुरू झाला. 1998 मध्ये लॉजिटेकने कनेक्टिक्सचा तो व्यवसाय विकत घेतला. अशा कॅमेऱ्यांचं गिऱ्हाईक म्हणजे टेबलाशी बसून गप्पा मारणारा माणूस. त्याने काहीच जुळवू नये, म्हणून सगळं ऑटो.

हे ऑटो पहिल्यांदा नकोसं झालेल्यांमध्ये हौशी खगोल निरीक्षक होते. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फिलिप्सचा टूकॅम हा स्वस्त वेबकॅम त्यांचा लाडका झाला. लेन्स काढायची, कॅमेरा दुर्बिणीला लावायचा, गुरूचा काही मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि रेजिस्टॅक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये चांगल्या फ्रेम एकावर एक रचायच्या.

आता विचार करा. चौकटीत काळंकुट्ट आकाश आणि मध्ये छोटासा झळाळता गुरू. सरासरी जवळजवळ काळी, म्हणून ऑटो उजेड वाढवत नेणार आणि गुरूचे पट्टे पांढऱ्या ठिपक्यात जळून जाणार. शिवाय प्रत्येक फ्रेमची उजळणी वेगळी असली तर त्या एकत्र रचायच्या कशा? म्हणून पहिलं काम ठरलेलं असे : ऑटोची खूण काढायची आणि शटर, गेन, रंग हाताने ठरवायचे.

सगळ्यांसाठी एकच भाषा

अडचण अशी की तेव्हा प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर वेगळा आणि बटणंही वेगळी. सप्टेंबर 2003 मध्ये यूएसबी व्हिडिओ क्लास, म्हणजे यूव्हीसी, या मानकाची पहिली आवृत्ती आली. कॅमेऱ्याशी कसं बोलायचं ते त्यात ठरलं. फोकसचं ऑटो चालू की बंद, एक्स्पोजर किती, व्हाइट बॅलन्स किती केल्विन, हे सगळं नेमून दिलेल्या आज्ञांनी विचारता आणि सांगता येऊ लागलं. 2004 च्या विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक 2 मध्ये त्याचा ड्रायव्हर आला आणि 2008 मध्ये लिनक्सच्या 2.6.26 कर्नलमध्ये. आज तुमच्या वेबकॅमचं जे कंट्रोल सॉफ्टवेअर आहे, ते बहुधा आतून याच आज्ञा पाठवत असतं.

त्यात एक गमतीचा अवशेष आहे. लिनक्समध्ये पुष्कळ वेबकॅमच्या एक्स्पोजरला दोनच पर्याय दिसतात : 1 म्हणजे मॅन्युअल आणि 3 म्हणजे ‘ॲपर्चर प्रायॉरिटी’. हे मोठ्या कॅमेऱ्यांच्या जगातलं नाव. साध्या वेबकॅमचं छिद्र बदलतच नाही, म्हणून ‘छिद्र ठरलेलं, बाकीचं तू बघ’ हाच त्याचा ऑटो. 3 दिसला की ऑटो चालू आहे असं समजा.

दुसरी फेरी

काही महिन्यांनी आम्ही आजोबांकडे परत गेलो. या वेळी आधी पाहिलं की धाप नक्की कशाची आहे. कॅमेऱ्यासमोर पांढरी वही आणायची आणि काढायची. पूर्ण चित्र अंधारलं-उजळलं तर दोष एक्स्पोजरचा. रंग निळा-पिवळा सरकला तर व्हाइट बॅलन्सचा. धारा आत-बाहेर झाल्या तर फोकसचा. आमच्याकडे तिन्ही होते.

मग क्रम. सर्वांत आधी उजेड कायम केला : खिडकी बंद, ट्यूबलाइट चालू. आजोबांना जागेवर बसवलं, ऑटोला दहा-पंधरा सेकंद स्थिर होऊ दिलं, आणि मग एकेक ऑटो बंद करत गेलो. आधी फोकस, मग एक्स्पोजर, शेवटी रंग. लिनक्सवर ते असं दिसतं :

```
v4l2-ctl -d /dev/video0 --list-ctrls
v4l2-ctl -d /dev/video0 -c focus_automatic_continuous=0
v4l2-ctl -d /dev/video0 -c auto_exposure=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_time_absolute=200
v4l2-ctl -d /dev/video0 -c white_balance_automatic=0
v4l2-ctl -d /dev/video0 -c white_balance_temperature=4600
```

पहिली ओळ तुमच्या कॅमेऱ्यात काय काय आहे ते दाखवते. जुन्या कर्नलमध्ये नावं थोडी वेगळी आहेत, तिथे `exposure_auto` आणि `focus_auto` असं दिसेल. आधी ऑटो बंद, मगच आकडा, नाहीतर तो आकडा लागू होत नाही. 4600 हा आमच्या त्या खोलीचा आकडा. तुम्ही पांढरा कागद पांढरा दिसेपर्यंत सरकवा.

आता ते 200 कुठून आलं? हा आकडा सेकंदाच्या दहाहजाराव्या भागात मोजतात, म्हणजे 200 म्हणजे 20 मिलिसेकंद. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होते, दर 10 मिलिसेकंदांनी एकदा. एक्स्पोजर 10, 20 किंवा 30 मिलिसेकंद ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला पुरे ठोके मिळतात आणि उजेड समान राहतो. आम्ही आधी 150 ठेवून पाहिलं होतं, म्हणजे दीड ठोका. लगेच चित्रावर आडवे पट्टे फिरू लागले. सेकंदाला 30 फ्रेम हव्या असतील तर 333 च्या वर जाता येत नाही, म्हणून आपल्यासाठी 100, 200, 300 हेच तीन सोयीचे आकडे. तरी चित्र अंधारं वाटलं तर खोलीत दिवा वाढवा. गेन वाढवला तर रवाळपणा येतो. आणि कॅमेऱ्यात गेनचं वेगळं ऑटो असेल तर तेही बंद करा, नाहीतर धाप मागच्या दाराने परत येते.

विंडोजवर ओबीएसमध्ये कॅमेऱ्याच्या गुणधर्मांत `Configure Video` दाबलं की `Video Proc Amp` आणि `Camera Control` असे दोन टॅब उघडतात. पहिल्यात व्हाइट बॅलन्स, दुसऱ्यात फोकस आणि एक्स्पोजर, प्रत्येकापुढे `Auto` ची चौकट. पण तिथे एक्स्पोजर उणे आकड्यांत असतं आणि दर पायरीला वेळ दुप्पट किंवा निम्मा होतो. -6 म्हणजे सेकंदाचा 64 वा भाग, सुमारे 15.6 मिलिसेकंद, म्हणजे आपला तो दीड ठोक्याचा घोळ. -5 म्हणजे सुमारे 31 मिलिसेकंद, तीन ठोक्यांच्या अगदी जवळ. म्हणून आपल्या ट्यूबलाइटखाली आधी -5 बघा.

फोनवरून शूट करणाऱ्यांनो, आयफोनवर स्क्रीन दाबून धरली की `AE/AF LOCK` दिसतं. त्यातलं `AE` म्हणजे एक्स्पोजर आणि `AF` म्हणजे फोकस. रंगाचा उल्लेख त्या नावात नाही, त्यामुळे त्याच्याकडे वेगळं लक्ष द्या.

दोन गोष्टी मात्र लॉकने सुटत नाहीत. एक, कॅमेरा काढून पुन्हा लावला किंवा दुसरं अॅप उघडलं की सेटिंग पुष्कळदा मूळपदावर येतं, म्हणून रेकॉर्ड दाबण्यापूर्वी वहीची परीक्षा पुन्हा घ्यायची. दोन, दिवाच खरोखर मंद होत असेल तर लॉक केलेला कॅमेरा ते जसंच्या तसं दाखवणार. संध्याकाळी गावात व्होल्टेज झोके घ्यायला लागलं तेव्हा आम्हाला ट्यूब बंद करून बॅटरीवरचा दिवा लावावा लागला. उजेड बदलला, म्हणून एक्स्पोजर आणि रंग दोन्ही पुन्हा जुळवले.

आजोबांनी हे सगळं बघितलं आणि म्हणाले, “आमच्या साच्याचंही असंच. एकदा नीट लावला की उगाच हात लावायचा नाही.” मग त्यांनी हात पुढे केले आणि साचा चालवून दाखवला. या वेळी कॅमेरा गप्प बसला. तो भाग व्हिडिओसकट पुढच्या आठवड्यात येतोय. भेटूया!