उशिरा आलेल्या विद्यार्थ्याचा ‘होमवर्क’ आणि १० जणांचा पायलट

आजच्या भागाची सुरुवात एका गोष्टीने करू. तुम्ही ती बहुतेक फॉरवर्डमध्ये वाचली असेल, पण अर्धीच.

१९३९ साल, कॅलिफोर्नियातलं बर्कली. जॉर्ज डँट्झिग नावाचा विद्यार्थी प्रा. जर्झी नेमन यांच्या तासाला उशिरा पोहोचला. फळ्यावर दोन गणितं होती. होमवर्क समजून त्याने ती उतरवून घेतली आणि काही दिवसांनी सोडवून दिली. नंतर कळलं की ती होमवर्क नव्हतीच, स्टॅटिस्टिक्समधले न सुटलेले प्रश्न होते. फॉरवर्ड इथेच संपतो. पण त्यातला एक प्रश्न नेमका काय होता?

तो होता सॅम्पल साइझबद्दल. समजा, तुम्हाला घर ते ऑफिस बसने सरासरी किती वेळ लागतो हे शोधायचंय, आणि उत्तर २ मिनिटं इकडे-तिकडे चालेल. किती फेऱ्या मोजायच्या? वेळ रोज जवळपास सारखाच लागत असेल तर थोड्या पुरतील, रोज वेगळा लागत असेल तर खूप लागतील. म्हणजे आधी पसारा, अर्थात व्हेरियन्स, माहीत हवा. आणि तो तर मोजल्याशिवाय कळत नाही! डँट्झिगने १९४० च्या पेपरमध्ये दाखवलं की नमुना आधीच ठरवून टाकला, तर टेस्टची खरा फरक पकडण्याची ताकद त्या अनोळखी पसाऱ्यावर अवलंबून राहणारच. यातून सुटका नाही.

मग वाट कुठली? एकदम न मोजता दोन टप्प्यांत मोजायचं. ही कल्पना तेव्हा अगदी नवी नव्हती. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनला शिकत असताना, १९३५ मध्ये त्यांनी अशाच एका प्रश्नावर लिहिलं होतं: पाहणीत कुठल्या गटातून किती नमुने घ्यायचे हे गटांच्या पसाऱ्यावर ठरतं, मग तो पसारा छोट्या प्राथमिक नमुन्यावरून काढला तर चालेल का? पण पक्क्या हमीसकट सॅम्पल साइझ काढायची रीत १९४५ मध्ये चार्ल्स स्टाइन यांनी दिली.

ती आपल्या बसवर चालवून बघू. पायलट म्हणून १० फेऱ्या मोजल्या. स्टँडर्ड डेव्हिएशन आलं ६ मिनिटं. आता बरेच जण ९५ टक्के खात्रीसाठीचा ओळखीचा आकडा १.९६ घेतात:

```
(1.96 × 6 / 2)² = 34.6  →  35
```

चूक इथेच होते. १.९६ तेव्हाच वापरायचा जेव्हा खरा पसारा माहीत असतो. आपले ६ म्हणजे फक्त १० फेऱ्यांवरचा अंदाज आहे. त्यामुळे स्टाइन यांच्या रीतीत त्या जागी स्टुडंटच्या टी-टेबलमधला आकडा येतो. १० फेऱ्यांसाठी, म्हणजे ९ डिग्रीज ऑफ फ्रीडमसाठी, तो २.२६२ आहे:

```
(2.262 × 6 / 2)² = 46.05  →  47
```

पायलटच्या १० फेऱ्या यातच धरायच्या, म्हणजे आणखी ३७ मोजायच्या. शेवटी सरासरी सगळ्या ४७ फेऱ्यांची घ्यायची. पण एक अट आहे. खात्रीचा हिशेब करताना पसारा पायलटचाच, ६, ठेवायचा. ४७ फेऱ्यांवरून तो नव्याने काढला तर स्टाइन यांची हमी तुटते.

३५ आणि ४७ मधला फरक किरकोळ वाटतो ना? मग हे बघा. १० निरीक्षणांवरून ६ आलं, तर खरं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण ४.१ ते ११ मध्ये कुठेही असू शकतं. ११ असेल तर शंभरावर फेऱ्या लागल्या असत्या! शिवाय छोट्या नमुन्यातला व्हेरियन्स खऱ्यापेक्षा कमी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. १० निरीक्षणांना सुमारे ५६ टक्के. म्हणजे ३५ वर थांबणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःला नकळत कमी मोजतो. औषधाच्या चाचणीत असं झालं तर गुणकारी औषधही ‘फरक दिसला नाही’ म्हणून बाजूला पडू शकतं.

टी-टेबल सगळं सांभाळत नाही, हेही खरं. स्टाइन यांची हमी घंटेच्या आकाराच्या, म्हणजे नॉर्मल डेटासाठी आहे. आणि पायलटच्या दहाही फेऱ्या तुम्ही रविवारी सकाळी मोजल्या असतील, तर ते ६ सोमवारच्या ट्रॅफिकचं नाहीच. तिथे कुठलंही सूत्र कामाला येत नाही. पायलटच पुन्हा, सगळ्या वारांना विखरून करावा लागतो.

तर पुढच्या वेळी कुणी तुम्हाला होमवर्कची ती गोष्ट पाठवली, की विचारा: ‘गणित काय होतं, माहितीये?’ भेटू पुढच्या भागात.