पाऊल घसरणे (संगणकीय ॲनिमेशन)

पाऊल घसरणे ही संगणकीय खेळांतील पात्रांच्या चालीत आढळणारी एक दृश्य त्रुटी होय. पात्र चालताना किंवा धावताना त्याचे जमिनीवर टेकलेले पाऊल जागेवर स्थिर न राहता पुढे, मागे किंवा बाजूला सरकताना दिसते. नेव्हिगेशन मेशवरून (पात्राला कोठे चालता येईल हे दर्शवणाऱ्या बहुभुजांच्या जाळीवरून) आखलेल्या मार्गाने जाणाऱ्या पात्रांत ही त्रुटी विशेषकरून दिसते. पात्राचे पाय पुढे चालल्यासारखे हलत असताना शरीर मागे जात असेल, तर त्या प्रकारास मायकेल जॅक्सन याने १९८३ मध्ये लोकप्रिय केलेल्या नृत्यप्रकारावरून ‘मूनवॉक’ म्हणतात. या लेखातील उदाहरणे युनिटी या गेम इंजिनातील आहेत.

## कारण

चालणाऱ्या पात्रामागे दोन स्वतंत्र यंत्रणा काम करतात. पहिली यंत्रणा मार्गाची असते. युनिटीमध्ये `NavMeshAgent` हा घटक मार्ग शोधतो आणि पात्राला त्यावरून पुढे नेतो. दुसरी यंत्रणा ॲनिमेशनची असते. ती चालण्याची तयार क्लिप पुन:पुन्हा दाखवून हातपाय हलवते. ही क्लिप बहुधा जागच्या जागी चालण्याची असते. तीत शरीर पुढे जात नाही, फक्त टेकलेले पाऊल कमरेच्या सापेक्ष मागे जाते.

टेकलेले पाऊल जमिनीवर स्थिर दिसावे, यासाठी ते कमरेच्या सापेक्ष ज्या वेगाने मागे जाते, नेमक्या त्याच वेगाने शरीर पुढे गेले पाहिजे. या वेगाला त्या क्लिपचा नैसर्गिक वेग म्हणता येईल. एखाद्या क्लिपमध्ये पाऊल टेकल्यापासून उचलेपर्यंत ०.५ सेकंदात ०.७ मीटर मागे जात असेल, तर तिचा नैसर्गिक वेग सेकंदाला १.४ मीटर होतो. एजंटचा मूळ निर्धारित वेग मात्र सेकंदाला ३.५ मीटर असतो. हे दोन्ही न बदलता एकत्र वापरल्यास प्रत्येक टेकलेले पाऊल सेकंदाला २.१ मीटर वेगाने पुढे घसरते आणि पात्र बर्फावरून सरकल्यासारखे दिसते. याउलट, गर्दीत अडकून एजंटचा वेग ०.७ मीटरवर आला आणि क्लिप पूर्वीच्याच गतीने चालू राहिली, तर पाऊल मागे घसरते. घसरण्याच्या दिशेवरून दोष ओळखता येतो. पाऊल पुढे सरकत असेल तर ॲनिमेशन मंद असते आणि मागे सरकत असेल तर ते जलद असते.

पात्राचे आकारमान बदलल्यासही हीच त्रुटी उद्भवते. पात्र दुप्पट मोठे केले की त्याची ढांग दुप्पट होते आणि क्लिपचा नैसर्गिक वेगही दुप्पट होतो. एजंटचा वेग मात्र आपोआप बदलत नाही.

## मूनवॉकचा प्रकार

एजंटची वळण्याची मूळ निर्धारित कमाल गती सेकंदाला १२० अंश आणि त्वरण ८ मीटर प्रति सेकंद वर्ग असते. धावत्या पात्राला अचानक पाठीमागचे ठिकाण दिल्यास १८० अंशांत वळण्यास त्याला १.५ सेकंद लागतो. वेगाची दिशा मात्र सुमारे ०.९ सेकंदातच पूर्ण उलटू शकते, कारण ३.५ वरून शून्यावर आणि तेथून उलट दिशेने ३.५ वर येण्यास प्रत्येकी सुमारे ०.४४ सेकंद पुरतो. मधल्या काळात पात्राचे तोंड जुन्या दिशेकडे असते, शरीर मात्र मागे जात असते. ॲनिमेशनला वेगाचे केवळ परिमाण दिले असेल तर ते नेहमी धन असते. त्यामुळे पुढे धावण्याचीच क्लिप दिसते आणि मूनवॉक घडतो.

यासाठी वेग पात्राच्या स्वतःच्या दिशांत रूपांतरित करून त्याचे घटक ॲनिमेशनला वेगवेगळे देतात:

```csharp
Vector3 v = transform.InverseTransformDirection(agent.velocity);
animator.SetFloat("SpeedX", v.x, 0.1f, Time.deltaTime);
animator.SetFloat("SpeedZ", v.z, 0.1f, Time.deltaTime);
```

`SpeedZ` ऋण झाल्यावर दाखवण्यासाठी मागे चालण्याची क्लिप उपलब्ध असावी लागते. ती नसल्यास पात्राला आधी जागेवर वळवून मग चालू लावणे हा पर्याय राहतो. येथे `velocity` हा प्रत्यक्ष वेग वापरणे आवश्यक असते. `desiredVelocity` हा एजंटला हवा असलेला वेग होय. दुसऱ्या पात्रामुळे एजंट अडला तरी तो शून्य होईलच असे नाही. त्यामुळे पात्र जागच्या जागी धावत राहते.

## वेग जुळवणे

एकच क्लिप असल्यास तिची गती एजंटच्या वेगाला नैसर्गिक वेगाने भागून ठरवतात. वरील क्लिपसाठी एजंटचा वेग २.१ असताना ती १.५ पट जलद दाखवावी लागते. वेगातील फरक वाढला की ही चाल घाईची आणि अनैसर्गिक दिसते. म्हणून चालणे व धावणे यांच्या क्लिप ब्लेंड ट्रीमध्ये मिसळतात आणि प्रत्येक क्लिप तिच्या नैसर्गिक वेगाच्या आकड्यावर ठेवतात.

तथापि मिश्रणातही काही तफावत उरते. समजा, चालण्याचे एक आवर्तन १.० सेकंदात १.४ मीटर आणि धावण्याचे आवर्तन ०.७ सेकंदात २.८ मीटर अंतर कापते. म्हणजे नैसर्गिक वेग अनुक्रमे १.४ आणि ४.० मीटर झाले. एजंटचा वेग बरोबर मधला, म्हणजे २.७ असताना दोन्ही क्लिप निम्म्या प्रमाणात मिसळतात. ढांगेची सरासरी २.१ मीटर आणि आवर्तनकाळाची सरासरी ०.८५ सेकंद येते. त्यामुळे पावलांचा वेग सुमारे २.४७ मीटरच भरतो आणि पाऊल किंचित पुढे घसरते. मिश्रणाची गती सुमारे १.०९ पट केल्यास किंवा मधल्या वेगाची तिसरी क्लिप घातल्यास ही तफावत भरून निघते.

वरील संकेतातील ०.१ सेकंदाचे शमन वेगातील धक्के मृदू करते, परंतु त्यामुळे ॲनिमेशन एजंटच्या किंचित मागे राहते. शमन वाढवल्यास निघताना आणि थांबताना घसरण वाढते. काढून टाकल्यास गर्दीत पात्राचे पाय थरथरतात.

## रूट मोशन व मर्यादा

दुसऱ्या पद्धतीत ॲनिमेशनच शरीराला पुढे नेते. यास रूट मोशन म्हणतात. तीत `updatePosition` बंद करून `OnAnimatorMove` मध्ये क्लिपने दिलेले विस्थापन पात्राला लावतात आणि नवी जागा `nextPosition` द्वारे एजंटला कळवतात. `updatePosition` बंद करण्याचे राहून गेल्यास दोन्ही यंत्रणा एकाच पात्राला हलवू लागतात आणि ते झटके देत चालते.

या पद्धतीत पावले जवळजवळ घसरत नाहीत, पण पात्र मार्गाचे तंतोतंत पालन करत नाही. अरुंद दारात किंवा कोपऱ्यावर ते रेषेपासून ढळू शकते, तसेच इतरांना चुकवण्यासाठी एजंटने सुचवलेला वेग त्याला तत्काळ गाठता येत नाही. एजंटच्या ताब्यातील पात्र मार्ग अचूक पाळते, परंतु त्याची पावले काही प्रमाणात घसरतात. त्यामुळे दुरून दिसणाऱ्या मोठ्या जमावासाठी वेग जुळवण्याची पद्धत पुरेशी ठरते, तर कॅमेऱ्याजवळच्या मुख्य पात्रासाठी रूट मोशन अधिक योग्य ठरते.