शुभो बिजोया : निरोपानंतरचे अभिवादन

सातपूर हे एके काळी नाशिकजवळचे शेतीचे खेडे. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे येथे कारखान्यांची वसाहत वाढली. तिच्यापाठोपाठ परप्रांतांतील कुटुंबे आली. आमचे बंगाली शेजारी त्यांपैकीच. एका दसऱ्याच्या सकाळी जिन्यात गाठ पडताच आम्ही मोठ्या हौसेने त्यांना ‘शुभो बिजोया’ म्हणालो. ते हसले, पण ‘देवी अजून आहे, रात्री बोलू’ एवढेच म्हणून खाली उतरले.

आमची चूक वेळेची होती. आपल्याकडे विजयादशमी म्हणजे सीमोल्लंघन. बंगालात तो निरोपाचा दिवस. तेथे दुर्गा ही मुलाबाळांसह माहेरी आलेली लेक मानतात, आणि दशमीला ती कैलासास, सासरी निघते. पुरोहित पाण्यात आरसा धरून विसर्जनाचा विधी उरकतो. त्यानंतर सवाष्णी देवीच्या मुखाला मिठाई लावतात, एकमेकींना सिंदूर लावतात, आणि मग मूर्ती पाण्यात जाते. मंडळी परतली की त्यांच्यावर शांतिजल शिंपडतात. अभिवादनाला आरंभ होतो तो येथून. लेक घरात असताना ते शब्द उच्चारणे म्हणजे तिला लवकर जा म्हणण्यासारखेच!

उत्तरही ठरलेले आहे. बरोबरीच्या माणसाला ‘शुभो बिजोया’ म्हणावे, त्यानेही तेच शब्द परत द्यावेत. पुरुष मग खांदा बदलीत तीनदा आलिंगन देतात, त्याला ‘कोलाकुली’ म्हणतात. धाकट्याने वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावावा. वडीलधाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यावा. शेवटी नारळाचे लाडू, म्हणजे ‘नारू’, आणि खारी ‘निमकी’ पुढे येते. कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीच्या अमावास्येपर्यंत, या भेटी चालतात. दूरच्यांना पूर्वी पत्रे जात.

या घरगुती आचाराला 1905 साली वेगळाच अर्थ आला. त्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी अमलात आली होती. रवींद्रनाथांनी ‘विजया-संमिलन’ या भाषणात, हे अभिवादन आप्तांपुरते न ठेवता शेतातून परतलेल्या शेतकऱ्याला, गुराख्याला आणि नमाज आटोपून उठलेल्या मुसलमानालाही करावे, असे आवाहन केले. घर रिकामे झाले की माणसाने माणसाकडे जावे, हा मूळ आचार. राज्यकर्त्यांनी प्रांत तोडला तेव्हा रवींद्रनाथांनी त्याचीच कक्षा वाढविली.

त्या रात्री शेजारी स्वतः आमच्या दारी आले. ‘शुभो बिजोया’ ते म्हणाले. या वेळी उत्तर आम्हांला ठाऊक होते. त्यांच्या मुलाने वाकून नमस्कार केला, आणि आम्ही त्याच्या हातावर आपट्याची पाने ठेवली.