लायसनवरच्या दोन तारखा वाचा

वर्धा : एमएच-३२ च्या लायसनवर बहुतेक जण एकच तारीख बघतात. व्यावसायिक गाडीवाल्याच्या कार्डावर मात्र दोन असतात. `NT` म्हणजे खासगी गाडी, `TR` म्हणजे भाड्याची. समजा, सेलूच्या जड ट्रकवाल्याच्या कार्डावर `NT` 18-06-2034 अन् `TR` 09-11-2026 आहे. त्याने 2034 धरली तर फसला. जड ट्रकसाठी `TR` चीच तारीख चालते, अन् ती दर 5 वर्षांनी संपते.

मोबाईलच्या कॅलेंडरात 9 नोव्हेंबर टाकावी, अन् ऑगस्टमध्ये आठवणही. तेव्हा डॉक्टरकडून फॉर्म 1-अ भरून घ्यावा अन् सारथी पोर्टलवर अर्ज करावा. मुदत संपल्यावर गाडी चालवता येत नाही. वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते.