क्रीडाबुटाच्या जाहिरातीची चित्रसूचना

क्रीडाबुटाच्या जाहिरातीची चित्रसूचना : मजकुरावरून चित्र तयार करणाऱ्या संगणकीय प्रतिमानाला क्रीडाबुटाचे जाहिरातयोग्य छायाचित्रसदृश चित्र काढून घेण्यासाठी दिलेला लेखी मजकूर, व्यवहारात यालाच प्रॉम्प्ट म्हणतात. अशा सूचनेत बहुधा चार मागण्या एकत्र येतात : धावण्याची किंवा उडीची गतिमान कृती, बुटाच्या वरच्या भागाची म्हणजे अपरची जाळीदार वीण, तळव्याची म्हणजे सोलची ठसठशीत नक्षी आणि क्षणात गोठलेली हालचाल. या चारही मागण्या सुट्या घेतल्या तर साध्या आहेत, परंतु एकाच चौकटीत त्या परस्परांच्या वाटेत येतात, कारण कृती दाखवायला कॅमेरा दूर हवा, जाळी दाखवायला जवळ हवा, आणि जाळी व सोल हे तर बुटाच्या एकमेकांविरुद्ध बाजूंना असतात. त्यामुळे चांगली सूचना लिहिणे म्हणजे विशेषणांची भर घालणे नव्हे, तर हा विरोध मिटवणारा एकच क्षण आणि एकच कोन निवडणे होय.

गोठलेल्या हालचालीची कल्पना छायाचित्रणातून आली आहे. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दौडत्या घोड्याची चित्रे टिपली. पुढे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील हॅरल्ड एजर्टन याने १९३०च्या दशकापासून अतिशय अल्पकाळ लखलखणाऱ्या विद्युत्‌दिव्याच्या साहाय्याने दुधाच्या थेंबाचे उसळणे आणि बंदुकीच्या गोळीचे भेदणे स्थिर करून दाखवले. येथे हालचाल गोठवते ती कॅमेऱ्याची झडप नव्हे, तर लखलखाटाचा अल्प कालावधी. धावपटूचे पाऊल हवेतून पुढे झेपावताना सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने जात असेल, तर सेकंदाच्या हजाराव्या भागात ते १० मिलिमीटर सरकते आणि जाळीची छिद्रे एकमेकांत मिसळून त्यांचा पट्टा होतो. वीस हजाराव्या भागात तेच अंतर अर्ध्या मिलिमीटरवर येते आणि वीण दिसू लागते. मात्र जमिनीवर टेकलेल्या पावलाचा वेग त्या क्षणी जवळजवळ शून्य असतो. म्हणून अनुभवी छायाचित्रकार बूट टेकलेला किंवा नुकताच सुटू लागलेला क्षण पकडतो आणि वेगाची साक्ष बुटाऐवजी उडणारे पाणी, माती किंवा खडी यांच्याकडून देववतो.

चित्र काढणाऱ्या प्रतिमानात अशी कोणतीही झडप किंवा दिवा नसतो, हे सूचना लिहिणाऱ्याने आधी ध्यानी घ्यावे. सूचनेत एक अष्टहजारांश सेकंद असा आकडा टाकला तरी प्रतिमान तो मोजत नाही. शिकण्याच्या काळात ज्या चित्रांच्या मथळ्यांत असे आकडे आले होते त्या चित्रांच्या सर्वसाधारण रूपाकडे ते फक्त झुकते. उलट ‘गतिमान’ किंवा ‘वेगवान’ अशा शब्दांबरोबर शिकलेली कित्येक चित्रे कॅमेरा फिरवून मागची पार्श्वभूमी ओघळवलेली असतात, त्यामुळे हे शब्द आणि ‘गोठलेले’ हा शब्द शेजारी ठेवले की अर्धवट धूसर, अर्धवट स्पष्ट असे काहीतरी मिळते. वेगाचे नाव घेण्यापेक्षा वेगाचा परिणाम वर्णन करणे अधिक भरवशाचे असते : टाच उचललेली, मागे लटकलेले स्पष्ट थेंब, ताणलेली पोटरी. नकाराचेही तसेच आहे. ‘धूसरता नको’ असे लिहिले तर मजकूर वाचणारा भाग बहुधा ‘धूसरता’ हाच शब्द पकडतो. ज्या साधनांत नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, तेथे तो वापरावा, नाहीतर हवे ते होकारार्थी लिहावे.

जाळीचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो शब्दांचा नसून गणिताचा आहे. २०२२ मध्ये खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन आणि त्याच्या घाटणीची प्रतिमाने थेट चित्रबिंदूंवर काम करत नाहीत. ती आधी चित्राची संक्षिप्त सांकेतिक आवृत्ती घडवतात आणि शेवटी तिचे पूर्ण चित्रात रूपांतर करतात. या आवृत्तीत प्रत्येक बाजूने ८ चित्रबिंदूंची मिळून एक जागा होते, म्हणजे प्रत्येक बाजूला १०२४ बिंदू असलेल्या चौरस चित्राचे मूळ प्रत्येक बाजूला १२८ जागांचे जाळे असते. आता १.८ मीटर उंचीचा धावपटू संपूर्ण चौकटीत उभा दाखवला, तर ३० सेंटिमीटरचा बूट साधारण १७० बिंदूंत मावतो. अशा चित्रात एक बिंदू पावणेदोन मिलिमीटरइतका झाला, आणि दीड मिलिमीटरचे छिद्र एका बिंदूतही बसत नाही. तेथे जाळी मागून मिळत नाही; मिळते ती जाळीसारखी वाटणारी खरखर. बुटाने ९०० बिंदू व्यापले तर एका मिलिमीटरला ३ बिंदू येतात; २ मिलिमीटरचे छिद्र ६ बिंदूंचे, म्हणजे अजूनही एका सांकेतिक जागेपेक्षा लहान राहते, तर ४ मिलिमीटरचे लंबगोल छिद्र १२ बिंदूंचे होऊन प्रथमच नीट सांभाळले जाते. यामुळे सूचनेत बूट चौकट भरून टाकेल असे सांगणे आणि मोठ्या छिद्रांची जाळी निवडणे या दोन गोष्टी बाकी सर्व विशेषणांपेक्षा मोलाच्या ठरतात. बोटांकडे वारा खेळावा म्हणून मोठी छिद्रे आणि टाचेकडे आधारासाठी घट्ट वीण, अशी जाळी प्रत्यक्षातही धावण्याच्या बुटांत असते, तेव्हा ही निवड बनावट ठरत नाही.

जाळी दिसणे हे प्रकाशावरही अवलंबून असते. समोरून पडणारा मऊ प्रकाश छिद्रे भरून काढतो, तर पृष्ठभागाला घासून जाणारा तिरपा, कठीण प्रकाश प्रत्येक छिद्राच्या एका कडेला सावली धरतो आणि वीण उठून दिसते. थेंबांना मागून येणारा प्रकाश लागतो, कारण तो त्यांच्यातून वळून येतो आणि गडद पार्श्वभूमीवर त्यांच्या कडा चमकतात. एकच कठीण दिवा बाजूने आणि जरा मागून लावला की दोन्ही कामे बऱ्यापैकी साधतात. छायागृहांतील जाहिरात-छायाचित्रणातही ही मांडणी वापरली जाते.

सोलसाठी कोन ठरवावा लागतो. बूट सरळ बाजूने दिसला तर तळ दिसत नाही, आणि तळ पूर्ण समोर आला तर जाळी नाहीशी होते. धावपटू जमीन सोडतो त्या क्षणी, म्हणजे चवडा अजून टेकलेला आणि टाच वर उठलेली असताना, कॅमेरा जमिनीलगत आणि तिरकस मागे ठेवला तर सोलचा मागचा अर्धा भाग आणि अपरची बाहेरची बाजू दोन्ही दिसतात, शिवाय चवडा स्थिर असतो. ओल्या तांबड्या धावपट्टीवरचा नारिंगी बूट या उदाहरणात सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येते. बहुतेक प्रतिमानांचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजी मथळ्यांवर झाल्याने ती इंग्रजीत दिली जाते.

```
low rear three-quarter close-up, one running shoe at toe-off
on wet red track, shoe fills the frame, heel lifted,
black outsole with hexagonal lugs visible,
orange mesh upper with large oval holes,
hard side-back light raking across the weave,
sharp water droplets hanging behind the heel,
dark plain background
```

यात कोन आणि क्षण सर्वांत आधी आले आहेत, त्यानंतर बूट, मग सोल, जाळी, प्रकाश आणि थेंब. लांबी मुद्दाम आटोपशीर ठेवली आहे, कारण स्टेबल डिफ्यूजनच्या मूळ आवृत्तीत मजकूर वाचणारा क्लिप हा भाग एका वेळी जेमतेम ७५ शब्दांश घेतो आणि त्यापुढचे काही त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. शब्दांश म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. नंतरच्या काही प्रतिमानांना लांब परिच्छेद चालतात, तरीही एकमेकांशी भांडणारी विशेषणे त्यांनाही चकवतात. सर्वोत्तम, भव्य, अतिसूक्ष्म अशी कौतुकाची लड लावण्याची सवय सर्रास दिसते. तिने बुटाच्या रचनेविषयी काहीच कळत नाही आणि जागा मात्र जाते. सूचनेशी किती काटेकोरपणे चिकटावे हे ठरवणारा मार्गदर्शनाचा आकडा फार चढवला तर रंग भडक होतात आणि जाळीच्या कडा करपल्यासारख्या दिसतात, म्हणून तो साधनाच्या ठरावीक मूल्याच्या आसपास ठेवावा.

मिळालेले चित्र तपासण्याची सर्वांत सोपी कसोटी म्हणजे ते पूर्ण आकारात उघडून जाळीची एकच ओळ बोटांपासून टाचेपर्यंत नजरेने चालणे. खऱ्या विणीत ओळ वळते, पातळ होते, पण मधेच दोन ओळींत फुटत नाही किंवा शेजारच्या ओळीत विरून जात नाही. सोलवरच्या षट्कोनी खुंट्या, ज्यांना लग म्हणतात, त्यांचा आकार आणि अंतर टाचेकडून मधल्या भागापर्यंत एका नियमाने बदलायला हवे. प्रतिमान मात्र काही ठिकाणी षट्कोन, काही ठिकाणी नुसते खड्डे असे मिश्रण करते. लेसची भोके दोन्ही बाजूंना सारखी आहेत का आणि लेस जिभेवरून जाऊन खरोखर भोकात शिरते का, हेही पाहावे. थेंबांची दिशा हा बारीक पण बोलका दोष आहे : चवडा मागे रेटतो तेव्हा पाणी मागे आणि वर उडते, ते बुटाच्या पुढे किंवा चारही बाजूंना सारखे पसरलेले असेल, तर प्रतिमान पाण्याचे कार्य न समजता सजावट करत आहे असे जाणावे. दोष एका ठिकाणचा असेल तर सूचना बदलत बसण्याऐवजी तेवढाच भाग झाकून पुन्हा रंगवून घेतात; त्या भागाचे चित्र मोठे करून काम केल्यास जाळीला अधिक बिंदू मिळतात आणि वरचे गणित अनुकूल होते.

विक्रीला असलेल्या विशिष्ट बुटाची जाहिरात करायची असेल तर केवळ शब्दसूचना पुरेशी नसते, कारण प्रतिमान त्या बुटाची नक्षी कल्पनेने भरते आणि बोधचिन्हाची अक्षरे विस्कटतात. अशा वेळी बुटाचे खरे छायाचित्र आधाराला घेऊन पार्श्वभूमी, पाणी आणि प्रकाश तेवढे निर्माण करून घेतात, किंवा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंट्रोलनेटसारख्या पद्धतीने बुटाची बाह्यरेषा बांधून देतात, मात्र दुसऱ्या मार्गाने रेषा पाळली गेली तरी वीण खरी राहतेच असे नाही. भारतात हा प्रश्न कायद्याचाही आहे : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई होऊ शकते, २०२२ मध्ये त्यासंबंधी केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, आणि मुंबईत मुख्यालय असलेली, १९८५ मध्ये स्थापन झालेली जाहिरात मानक परिषद ही स्वनियमन संस्था फसव्या दाव्यांच्या तक्रारी पाहते. बुटाच्या तळाला नसलेली खुंट्यांची नक्षी किंवा जाळीत नसलेली छिद्रे चित्रात असतील, तर ग्राहकाला मिळणारी वस्तू आणि दाखवलेली वस्तू यांतील फरक मोजण्याजोगा असतो. म्हणून तयार चित्र छापण्यापूर्वी प्रत्यक्ष बुटाशेजारी ठेवून तळ आणि वीण यांची तुलना करून घेतली जाते.